कानडी गुळव्याला मराठीत बोलतं करताना: मागचा आवाज सांभाळून डबिंग कसं करायचं

डब केलेल्या व्हिडिओत काहीतरी खटकलं की पहिला संशय ओठांवर जातो. पण मोबाईलच्या पडद्यावर, आठ-दहा फुटांवरून टिपलेल्या माणसाचे ओठ इतक्या बारकाईने बघतंय कोण? चोरी पकडतो तो कान. माणूस बोलायला लागला की मागचा घाण्याचा आवाज गायब होतो आणि तो थांबला की परत येतो. किंवा उघड्या शेडमध्ये उभा असलेला माणूस बंद खोलीतून बोलल्यासारखा वाटतो. हे दोन दोष काढले, तर ओठांचं थोडंफार इकडंतिकडं झालेलं लोक सहज सोडून देतात.

म्हणून इथला क्रम नेहमीपेक्षा उलटा आहे. आधी माणसाचं बोलणं वगळून बाकी सगळे आवाज असलेला ट्रॅक तयार करायचा. मग मराठी मजकूर लिहायचा, मग रेकॉर्डिंग आणि सगळ्यात शेवटी जुळणी. सिनेमावाल्यांना हा पहिला ट्रॅक तयार मिळतो, कारण त्यांच्याकडे संवाद आणि बाकीचे आवाज सुरुवातीपासून वेगळे ठेवलेले असतात. आपल्या हातात मात्र एका मोबाईलवर घेतलेली, सगळं एकत्र कालवलेली फाईल असते.

उदाहरणाला एकच व्हिडिओ धरू. कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यातलं महालिंगपूर ही गुळाची मोठी पेठ. तिकडच्या एका गुऱ्हाळावर सहा मिनिटांचा व्हिडिओ घेतलाय आणि एक अनुभवी गुळव्या कानडीत बोलतोय: रस कधी तापवायचा, मळी कशी काढायची, आदण उतरवायची वेळ कशी ओळखायची. आपल्याकडच्या, म्हणजे करवीर-पन्हाळा-कागल पट्ट्यातल्या गुऱ्हाळवाल्यांना तो मराठीत हवाय. व्हिडिओत जागा तीन: घाण्याजवळ, काहिलीजवळ आणि गूळ ओततात त्या वाफ्याजवळ. हे ‘तीन’ डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

हात घालण्याआधी

व्हिडिओ ज्याचा आहे त्याची परवानगी लेखी घ्या, साधा मेसेज असला तरी चालेल. जो माणूस बोलतोय त्यालाही सांगा, कारण त्याच्या तोंडी दुसऱ्याचा आवाज जाणार आहे.

फाईल मूळच मागा. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेल्या फाईलचा आवाज आधीच इतका दाबलेला असतो, की काहिलीची खदखद आणि पाण्याचा नळ यांत फरक उरत नाही. आपल्याला मागच्या आवाजाचे तुकडे वापरायचेत, त्यामुळे इथली काटकसर पुढे महागात पडते.

दुसरी गोष्ट फ्रेमची. मोबाईल अनेकदा बदलत्या फ्रेम रेटने चित्रण करतो. म्हणजे सेकंदाला कधी 30 फ्रेम, तर उजेड कमी झाला की कमी. काही एडिटिंग सॉफ्टवेअरना हे झेपत नाही. सुरुवातीला आवाज बरोबर जुळतो आणि पाचव्या मिनिटाला अर्धा सेकंद मागे पडतो. मग माणूस आपल्या डबिंगला दोष देत बसतो. त्यापेक्षा कामापुरती ठरावीक फ्रेम रेटची प्रत काढून घ्या आणि आवाजही वेगळा काढा. त्यासाठी ffmpeg हे फुकट साधन आहे, ते अशा आज्ञा टाइप करून चालतं:

```
ffmpeg -i mul.mp4 -vn -c:a pcm_s24le -ar 48000 mul.wav
ffmpeg -i mul.mp4 -vf fps=30 -c:v libx264 -crf 20 -c:a copy kaam.mp4
```

`kaam.mp4` आणि `mul.wav` एकाच टाइमलाइनवर ठेवून एकत्र वाजवा. सुरुवातीला आणि शेवटाला, दोन्हीकडे घुमल्यासारखं ऐकू आलं नाही, तर पाया पक्का. काम या प्रतीवर करायचं, पण शेवटी मराठी आवाज चढवायचा तो मूळ व्हिडिओवरच, म्हणजे चित्राचा दर्जा तसाच राहतो.

सॉफ्टवेअर कोणतंही चालेल, फक्त चित्र बघत आवाज सरकवता आला पाहिजे. रीपर किंवा डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती या कामाला पुरते. ऑडॅसिटी साफसफाईला चांगली, पण तिच्यात व्हिडिओ दिसत नाही, त्यामुळे जुळणी तिच्यात करू नका.

बोलणं वगळून उरलेला व्हिडिओ

सगळ्यात जास्त वेळ इथेच जाणार आणि तो जाऊ द्यावा. हेडफोन लावून मूळ आवाज पूर्ण ऐका आणि जिथे अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ कुणी बोलत नाही अशी प्रत्येक जागा मार्क करा. गुळव्या झारा उचलतो, काहिलीत वाकून बघतो, धुरानं डोळे पुसतो, या फटी आपलं भांडवल आहेत. त्या कापून तीन वेगळ्या ट्रॅकवर ठेवा: घाणा, काहील, वाफा. घाण्याजवळचा तुकडा काहिलीच्या चित्राखाली कधीही घालू नका. इंजिन तेच असलं तरी वीस फुटांवरून त्याचा आवाज वेगळा येतो. असं का वाटतंय हे बघणाऱ्याला सांगता येणार नाही, पण त्याला ते जाणवेल.

आता या फटींमधून, बोलणं चालू होतं त्या लांबच लांब जागा भरायच्या. काहिलीची खदखद सोपी, कारण तिला ठरावीक ताल नाही. वेगवेगळे तुकडे एकमेकांवर पाव सेकंदाच्या आसपास चढवून क्रॉसफेड करा. क्रॉसफेडचा प्रकार मात्र ‘इक्वल पॉवर’ निवडा. साध्या सरळ रेषेच्या क्रॉसफेडमध्ये असे दोन वेगळे आवाज एकमेकांत मिसळताना मधोमध सुमारे 3 डेसिबलचा खड्डा पडतो, आणि दर चार सेकंदांनी एक खड्डा आला की खदखद श्वास घेतल्यासारखी वर-खाली होते.

घाण्याचं डिझेल इंजिन हे जरा हट्टी प्रकरण. त्याचा ढग्-ढग् ठोका असतो. कुठेही कापून जोडलं तर ठोका चुकतो आणि बैल अडखळल्यासारखं वाटतं. वेव्हफॉर्म मोठा करून बघा, प्रत्येक ठोक्याचा उंचवटा दिसतो. तिथून तिथपर्यंत कापायचं आणि क्रॉसफेड अगदी छोटा, दहा-वीस मिलिसेकंदांचा ठेवायचा.

आणि एकच तुकडा पुन्हा-पुन्हा लावायचा मोह टाळा. दोन सेकंदांच्या तुकड्यात मागे एखादा कावळा ओरडला असेल, तर तो कावळा दर दोन सेकंदांनी ओरडणार. असा ओळखू येणारा आवाज असलेला तुकडा एकदाच, त्याच्या मूळ जागी ठेवायचा आणि भरणीला बिनचेहऱ्याचे तुकडे वापरायचे.

इथे एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. मोबाईलचा माईक आवाजाची पातळी आपोआप वर-खाली करतो. गुळव्या बोलत असताना मोबाईल स्वतःला आवरतो, त्यामुळे मागचं इंजिन हळू वाटतं. तो थांबला की एक-दोन क्षणांत मोबाईल कान टवकारतो आणि तेच इंजिन मोठं होतं. आपण तुकडे घेतले ते या थांबलेल्या जागांमधून. म्हणजे आपली भरणी, बोलण्याखाली मुळात जे होतं त्यापेक्षा मोठी आहे. तशीच ठेवली तर मराठी आवाज तिच्यात बुडतो आणि मग माणूस मराठी आवाज अवाच्या सवा वाढवतो. त्याऐवजी प्रत्येक तुकडा कानाने ऐकून 3 ते 6 डेसिबल खाली आणा आणि पूर्ण दृश्यभर पातळी एकसारखी ठेवा. मूळ व्हिडिओत ती वर-खाली होत होती, आपल्याकडे नाही झाली तर कुणाची तक्रार येणार नाही.

काहिलीच्या काठावर झारा आपटतो, ढवळताना घासल्याचा आवाज येतो, वाफ्यात गूळ ओततात. हे चित्रात दिसणारे आवाज त्याच क्षणी ऐकू यायलाच हवेत. बोलण्याखाली दबलेले असतील तर त्याच व्हिडिओत दुसरीकडे मोकळे सापडतात का बघा. झाऱ्याचा एक ठोका सापडला की तो पाच ठिकाणी चालतो, फक्त दर वेळी पातळी थोडी बदला. नाहीच सापडले, तर कोल्हापूरकरांना याबाबतीत तक्रारीला जागा नाही. हंगामात पन्हाळ्याच्या वाटेला किंवा कागलकडं कुठल्याही गुऱ्हाळावर जा, मालकाला विचारा आणि काहिलीजवळ तीन-चार मिनिटं, शेडच्या टोकाला तीन-चार मिनिटं असं रेकॉर्ड करून आणा. मोबाईल चालेल. फक्त रेकॉर्डिंग अ‍ॅपमध्ये आपोआप आवाज वाढवणारं आणि गोंगाट कमी करणारं सेटिंग बंद ठेवा, नाहीतर ते अ‍ॅप काहिलीची खदखदच गोंगाट समजून पुसून टाकतं. दारात आल्यावर कुत्री भुंकली तर तीही रेकॉर्ड करा, लागतात कधीतरी.

बोलणं आणि बाकीचे आवाज आपोआप वेगळे करणारी सॉफ्टवेअरही आहेत. त्यांतलं demucs फुकट मिळतं:

```
demucs --two-stems=vocals mul.wav
```

यातून `no_vocals.wav` नावाची फाईल मिळते. ती एकटी वाजवून ऐका. हे साधन गाण्यांतून गायकाचा आवाज काढण्यासाठी बनवलंय, गुऱ्हाळासाठी नाही. त्यामुळे ‘स’, ‘श’सारख्या आवाजांबरोबर वाफेची सळसळही निघून जाते आणि बोलणं होतं तिथे तिथे भोकं पडतात. शिवाय तळाशी कानडी बोलण्याचं पुसट भूत उरतं. मराठी वाक्य जरा लवकर संपलं की ते ऐकू येतं. म्हणून ही फाईल एकटी वापरू नका. हाताने बनवलेली भरणी वर आणि ही तिच्याखाली 6 ते 10 डेसिबल हळू, असं ठेवलं तर झाऱ्याचे छोटे-मोठे आवाज आपापल्या जागी मिळतात आणि भोकं झाकली जातात.

दोन गोष्टी मूळ व्हिडिओतल्याच ठेवा. एक, गुळव्याचं खोकणं, हसणं, धाप. त्यात भाषा नसते, आणि धुरात खरोखर उभ्या असलेल्या माणसाचा खोकला खोलीत बसून नक्कल करता येत नाही. मराठी बोलणाऱ्याचा आवाज अगदीच वेगळ्या जातीचा असेल तरच बदला. दुसरं, चुलीत जळण घालणाऱ्या जळव्याला लांबून मारलेल्या हाका. शब्द कळत नसतील तर असू द्या. कानडी मुलखातलं गुऱ्हाळ आहे, तिथे कुणी कानडीत ओरडलं तर बिघडलं काय?

हा ट्रॅक झाला की व्हिडिओ त्याच्यासकट, पण बोलण्याशिवाय, एकदा पूर्ण बघा. गुळव्या तोंड हलवतोय आणि आवाज येत नाही हे विचित्र वाटेल, पण मागचा आवाज कुठे तुटतोय का, दृश्य बदलताना उडी मारतोय का, हे फक्त आत्ताच कळतं. मराठी बोलणं चढलं की झाकलं जातं आणि मग शेवटच्या दिवशी हेडफोनमध्ये सापडतं.

मजकूर: वेळेत बसणारी मराठी

मजकूर लिहिताना वाक्याचा अर्थ, त्याची लांबी आणि त्यातली थांबण्याची जागा, या तिन्ही गोष्टी एकदम सांभाळाव्या लागतात. एक वाक्य पूर्ण करून बघू.

1:42.3 ला गुळव्या बोलायला लागतो आणि 1:44.0 ला थांबतो. झारा उचलायला 0.6 सेकंद जातात. 1:44.6 ला परत सुरू होतो, 1:46.9 ला वाक्य संपतं. म्हणजे पहिला तुकडा 1.7 सेकंदांचा, दुसरा 2.3 सेकंदांचा. अर्थ पुस्तकी मराठीत लिहिला तर असा होतो:

‘आता पाहा, रस तापू लागल्यानंतर त्यातील मळी वर येऊ लागते, / त्यानंतर भेंडीचे पाणी ओतावे आणि मग ती मळी काढून टाकावी.’

उच्चारातली अक्षरं मोजा. लिहिलेली नव्हे, बोललेली: ‘रस’ एक, ‘काढायची’ तीन. पहिल्या तुकड्यात 20 भरतात, दुसऱ्यात 22. म्हणजे पहिल्या तुकड्यात सेकंदाला जवळजवळ बारा अक्षरं. निवांत बोलणाऱ्या माणसाला सेकंदाला सहा-सात अक्षरं ठीक पडतात. नऊच्या पुढे गेलं की कबड्डीची कॉमेंट्री सुरू झाल्यासारखं वाटतं. आता हेच गुऱ्हाळावरचा माणूस बोलेल तसं:

‘बघा, रस तापला की मळी वर येती. / मग भेंडीचं पाणी घालायचं, अन् मळी काढायची.’

पहिल्यात 11, दुसऱ्यात 15. दोन्हीकडे सेकंदाला साडेसहाच्या आसपास. अर्थ पूर्ण आला आणि झारा उचलायच्या वेळी शांतता आपोआप मिळाली.

आपल्या बोलीची इथे मोठी सोय आहे. ‘झाले आहे’ला चार जागा लागतात, ‘झालंय’ला दोन. ‘करायला लागला आहे’ आणि ‘कराय लागलाय’ यांत जवळजवळ निम्म्याचा फरक. वाक्य लांब होत असेल तर बोलीचं रूप घ्यायचं. उलट वेळ उरत असेल तर ‘असं बघा’, ‘काय होतं’, ‘की नाही’ हे भरीचे शब्द घालायचे. गुळव्या हे शब्द नाहीतरी वापरतोच, त्यामुळे ते चिकटवल्यासारखे वाटत नाहीत. मात्र पट्टी एकदा ठरवा. एका वाक्यात ‘येती’ आणि पुढच्यात ‘येते’ झालं की माणूस दोन गावचा वाटतो.

ओठांचा विचार फक्त जवळच्या दृश्यांत करायचा, आणि तिथेही सगळ्या अक्षरांचा नाही. ओठ पूर्ण मिटतात ते प, फ, ब, भ, म या अक्षरांना, आणि बघणाऱ्याला तेवढंच दिसतं. कानडीतला गुळव्या ‘मत्त’ म्हणून वाक्य सुरू करतो, आपण ‘मग’ म्हणतो, बसलं. तिकडे ‘बेंडीकाई’, इकडे ‘भेंडी’, तेही बसलं. पण तो ‘बेल्ल’ म्हणतो तेव्हा ओठ मिटतात आणि आपल्या ‘गूळ’ला मिटत नाहीत. अशा जागी वाक्य फिरवून ‘बघा’ किंवा ‘मस्त’ तिथे आणता येतं का बघायचं. त्याचं ‘नोड्री’ सतत येतं, त्याला आपलं ‘बघा’. ओठांना ते जुळत नाही, पण लांबच्या दृश्यात कुणाच्या लक्षातही येत नाही. चेहरा वाफेत असेल, पाठ फिरवलेली असेल, पडद्यावर फक्त हात दिसत असतील, तर ओठ विसरून जा. अशा जागा वरदान आहेत. इतरत्र न मावलेली माहिती तिथे घाला.

ओठांपेक्षा हात जास्त महत्त्वाचे. तो दोन बोटं दाखवतो तेव्हा ‘दोन’ हा शब्द त्याच क्षणी आला पाहिजे. काहिलीकडे बोट करतो तेव्हा ‘ही’ आली पाहिजे. कानडी आणि मराठी दोन्हींत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे हातवारे बरेचसे आपोआप जुळतात. इंग्रजी व्हिडिओ मराठीत आणताना हे सुख नसतं. तिथे क्रियापद आधी येऊन जातं, म्हणून वाक्य दोन-तीन छोट्या वाक्यांत तोडावं लागतं.

मजकूर तयार झाला की व्हिडिओ आवाज बंद करून लावा आणि स्वतः मोठ्याने वाचा. जीभ कुठे अडते ते कळेल.

रेकॉर्डिंग

खोली निवडताना लोक रस्त्यावरच्या रिक्षांना घाबरतात. त्यापेक्षा भिंतींना घाबरा. मागे इंजिन वाजणार आहे, त्यामुळे लांबची पुसट गाडी त्यात लपेल. पण रिकाम्या खोलीतला घुमारा आवाजाला एकदा चिकटला की निघत नाही, आणि उघड्यावरच्या चित्रावर तो लगेच उघडा पडतो. रात्री उशिरा पंखा बंद करून, दोन बाजूंना गोधड्या टांगून, कपड्यांच्या उघड्या कपाटाकडे तोंड करून रेकॉर्ड करा. माईक वीतभर अंतरावर ठेवला तर आवाज रेडिओसारखा जवळचा येतो. शेडमध्ये उभ्या माणसासाठी दीड-दोन फुटांवर आणि तोंडाच्या जरा वर ठेवा.

आवाजाला नाटकातल्या कसलेल्या माणसापेक्षा गुऱ्हाळ बघितलेला माणूस बरा पडतो. अशाच एका मामांना बसवलं होतं. शब्द अस्सल, पण आवाज घरात चहा पिताना असतो तसा.

‘मामा, जरा मोठ्यानं बोला की, मागं घाणा चालू हाय.’

‘मग घाणा कानात घाल की माझ्या, आपोआप बोलतो मोठ्यानं.’

मामांनी शास्त्रच सांगितलं. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो आणि स्वर ओढून बोलतो. याला लोम्बार्ड परिणाम म्हणतात. नंतर पातळी वाढवून हा पोत येत नाही, कारण हळू बोललेलं मोठं केलं तरी हळूच बोललेलं वाटतं. म्हणून आपण तयार केलेला मागचा ट्रॅक बोलणाऱ्याच्या हेडफोनमध्ये वाजवायचा. हेडफोन कान पूर्ण झाकणारे हवेत, नाहीतर घाणा माईकमध्ये शिरतो.

प्रत्येक वाक्याआधी एकेक सेकंदाने तीन बीप ठेवा आणि चौथी बीप जिथे आली असती तिथे बोलायला सुरुवात करायची असं ठरवा. कागदाकडे बघण्यापेक्षा हे कितीतरी सोपं जातं. वाक्य थांब्याच्या जागी तोडून घ्या, प्रत्येकाचे तीनेक टेक घ्या. वाक्याआधीचा श्वास कापू नका. पडद्यावर तोंड उघडतं तेव्हा तो श्वास ऐकू आला, की पुढचा शब्द त्या तोंडातून आल्यासारखा वाटतो.

जुळणी

आधी प्रत्येक तुकड्याची सुरुवात जुळवा, मग शेवट. मधलं आपोआप बरंचसं बसतं. तुकडा किंचित लांब असेल तर प्रथम त्यातले थांबे कमी करा. तरीही उरला तर वेग बदला, पण 5 टक्क्यांच्या आत. त्यापुढे स्वर रबरासारखे ताणले जातात किंवा माणूस घाईत वाटतो. तिथे मजकुरातला एक शब्द काढून पुन्हा बोलवून घेणं स्वस्त पडतं.

एखादा तुकडा थोडा पुढे ठेवावा की मागे, असा प्रश्न पडला तर मागे. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या प्रसारण मार्गदर्शिकेनुसार आवाज चित्राच्या सुमारे 45 मिलिसेकंद आधी आला की लोकांना जाणवायला लागतो, पण उशिरा आला तर सुमारे 125 मिलिसेकंदांपर्यंत चालून जातो. लांबच्या माणसाचा आवाज रोजच्या आयुष्यातही उशिरानेच पोचतो, आधी कधीच नाही. 30 फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम 33 मिलिसेकंदांची. म्हणजे एक फ्रेम आधी आलेलं कसंबसं खपतं, दोन फ्रेम आधी आलेलं नाही. तीन फ्रेम उशिरा आलेलं मात्र खपून जातं.

आता मराठी आवाज त्या जागेत बसवायचा. मूळ कानडी आवाज अधूनमधून सोलो करून त्याच्याशी ताडून बघत राहा. मोबाईलच्या माईकला खालचा भारदस्त आवाज फारसा येत नाही, म्हणून आपल्या आवाजातलं 100 हर्ट्झच्या खालचं कापा. गुळव्या पाठ फिरवून चालायला लागला की वरची धार थोडी कमी करा आणि पातळी उतरवा. पत्र्याच्या शेडचा जो हलका घुमारा आहे त्यासाठी छोटा रिव्हर्ब द्या, अर्ध्या सेकंदाहून कमी, आणि इतका पुसट की बंद केल्यावरच तो होता असं कळावं. वाफा उघड्यावर असेल तर तिथे अजिबात नको. घाणा, काहील, वाफा या तीन जागांना तीन वेगळी सेटिंग लागतात, पूर्ण व्हिडिओला एकच चालत नाही.

आपण मेहनतीने घेतलेला स्वच्छ आवाज लोकांना ऐकवायची इच्छा असते आणि त्यामुळे तो नेहमी जास्त मोठा ठेवला जातो. शब्द कळतायत ना, एवढंच बघा आणि मग एक-दोन डेसिबल खाली आणा.

शेवटी एकूण पातळी. LUFS हे कानाला आवाज एकूण किती मोठा वाटतो याचं माप. साधारण −14 LUFS पेक्षा मोठा आवाज यूट्यूब तेवढ्यावर खाली आणतं. मोजायला:

```
ffmpeg -i marathi_mix.wav -af loudnorm=I=-14:TP=-1:print_format=summary -f null -
```

ही आज्ञा फक्त मोजते. जेवढा फरक दिसेल तेवढं मिक्समध्येच हाताने वर-खाली करा. हाच फिल्टर थेट लावून मोकळं व्हायचा मोह होईल, पण एका फेरीत लावलेला तो फिल्टर बोलणं थांबलं की मागचा आवाज उचलतो. मोबाईलच्या माईकने जे केलं होतं आणि आपण जे निस्तरलं, तेच परत होतं. मग मूळ चित्रावर चढवा:

```
ffmpeg -i mul.mp4 -i marathi_mix.wav -map 0:v:0 -map 1:a:0 \
  -c:v copy -c:a aac -b:a 192k \
  -metadata:s:a:0 language=mar marathi.mp4
```

तपासणी तीन वेळा करा. एकदा डोळे मिटून फक्त ऐका: प्रत्येक वाक्य सुरू होताना मागची हवा बदलते का? बदलत असेल तर भरणी हळू आहे किंवा रेकॉर्डिंगमध्ये खोली शिरलीय. दुसऱ्यांदा मोबाईलच्या साध्या स्पीकरवर. तिथे खालचा आवाज जवळजवळ नसतो, त्यामुळे इंजिन हरवतं आणि वाफेची सळसळ पुढे येऊन शब्दांवर बसते. तसं झालं तर सळसळ 2 डेसिबल कमी करा. तिसऱ्यांदा मूळ व्हिडिओ न बघितलेल्या एखाद्या गुऱ्हाळवाल्याला दाखवा. ‘डबिंग कसं वाटलं’ असं विचारू नका, सगळे ‘झ्याक’च म्हणतात. त्याला भेंडीचं पाणी कधी घालायचं ते विचारा आणि बघताना त्याची मान पडद्यावरून कधी वळली ते सेकंदासकट लिहून ठेवा. त्या सेकंदाला बहुतेक वेळा भरणीचा एखादा सांधा सापडतो.

मागच्या आवाजाचा तयार ट्रॅक मिक्सपासून वेगळा, पूर्ण लांबीचा, 48 किलोहर्ट्झ वेव्ह फाईल म्हणून जपून ठेवा. त्याच व्हिडिओची पुढे हिंदी आवृत्ती मागितली गेली, तर मजकुरापासून सुरुवात करता येते आणि निम्म्याहून जास्त काम वाचतं.